एका सिमवर कॉल सुरू असताना दुसरे सिम ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ का जाते?

दोन सिम असलेल्या फोनवर पहिल्या क्रमांकावरून बोलणे सुरू आहे. त्याच वेळी कुणी तरी दुसऱ्या क्रमांकावर फोन लावतो. त्याला ‘व्यग्र’ असा टोन ऐकू येत नाही, ‘कॉल वेटिंग’ही येत नाही. काही सेकंद शांतता पसरते आणि मग हा क्रमांक सध्या संपर्क क्षेत्राबाहेर असल्याची ध्वनिमुद्रित सूचना वाजते. ज्याला फोन केला तो माणूस मात्र अंधेरीच्या मधोमध, टॉवरच्या भर प्रकाशात उभा असतो. कॉल संपल्यावर तो फोन पाहतो, तर त्यावर मिस्ड कॉलची नोंदसुद्धा नसते.

सिम खराब झाले, रेंज गेली किंवा कंपनीचे नेटवर्क ढासळले, असा समज यामुळे होतो. प्रत्यक्षात यातले काहीच बिघडलेले नसते. बाजारातले बहुतेक दोन सिमचे फोन ‘ड्युअल सिम ड्युअल स्टँडबाय’ या पद्धतीचे असतात आणि त्यांच्या रचनेतच हे वागणे दडलेले आहे. नावातला ‘स्टँडबाय’ हा शब्द नेमका आहे. दोन्ही सिम एकाच वेळी वाट पाहू शकतात, पण दोन्हींवर एकाच वेळी बोलता येत नाही.

फोन वाट पाहतो म्हणजे काय करतो?

खिशात पडून असलेला फोन टॉवरशी सतत बोलत नसतो. तसे केले तर बॅटरी काही तासांत संपेल. त्याऐवजी फोन आणि नेटवर्क यांच्यात ठरावीक वेळांचा करार असतो. फोन बहुतांश वेळ रेडिओ बंद ठेवून झोपतो, ठरलेल्या क्षणी जागा होतो, टॉवरवरून आपल्या नावाचा पुकारा होतो आहे का ते ऐकतो आणि नसेल तर पुन्हा झोपतो. या पुकाऱ्याला दूरसंचाराच्या भाषेत ‘पेजिंग’ म्हणतात. फोरजीमध्ये हे चक्र साधारणपणे १.२८ सेकंदांचे ठेवले जाते, ०.३२ ते २.५६ सेकंदांपर्यंतचे पर्याय मानकात आहेत. प्रत्यक्ष पुकारा ऐकण्याचे काम काही मिलिसेकंदांत उरकते.

दोन सिम एका रेडिओवर कशी चालतात, याचे उत्तर इथेच मिळते. पहिल्या सिमची ऐकण्याची वेळ आली की रेडिओ त्या कंपनीच्या फ्रिक्वेन्सीवर जातो आणि पुकारा ऐकून मोकळा होतो. दुसऱ्या सिमची वेळ आली की तोच रेडिओ दुसऱ्या कंपनीच्या फ्रिक्वेन्सीवर जातो. सव्वा सेकंदात दोन्हीकडे क्षणभर कान देऊनही भरपूर वेळ उरतो. एकच पहारेकरी दोन फाटकांवर आळीपाळीने नजर टाकतो, तसे हे आहे. वापरणाऱ्याला वाटते की फोनमध्ये दोन स्वतंत्र फोन आहेत. पडद्यावर रेंजच्या दोन पट्ट्या दिसतात आणि `*#06#` डायल केल्यास दोन वेगवेगळे आयएमईआय क्रमांकही दिसतात. पण आत संदेश पाठवणारी आणि घेणारी रेडिओची यंत्रणा एकच असते.

कॉल सुरू झाला की काय बदलते?

पहिल्या सिमवर कॉल लागला की पहारेकऱ्याला एका फाटकावरच थांबावे लागते. फोरजीवरच्या कॉलमध्ये, म्हणजे व्होल्टीमध्ये, आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवला जातो. बोलत असताना सेकंदाला असे पन्नास तुकडे जातात आणि समोरच्याचेही तितकेच येतात. एखादा तुकडा नीट पोहोचला नाही तर तो लगेच पुन्हा मागवावा लागतो. शिवाय आजूबाजूच्या टॉवरची ताकद मोजून त्याचे अहवाल पाठवायचे असतात, म्हणजे चालत्या लोकलमध्ये कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर सोपवता येतो.

अशा वेळी एक प्रश्न साहजिकच पडतो. पुकारा ऐकायला काही मिलिसेकंदच लागत असतील, तर आवाजाच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत दुसऱ्या सिमकडे डोकावता का येत नाही?

इंटरनेट वापरताना अनेक फोन नेमके हेच करतात. पहिल्या सिमवर व्हिडिओ सुरू असताना रेडिओ मधूनच क्षणभर दुसऱ्या सिमकडे जाऊन येतो. व्हिडिओचा काही भाग आधीच साठवलेला असतो, त्यामुळे ही गैरहजेरी पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बोलण्यात असा साठा नसतो. दुसऱ्या कंपनीच्या फ्रिक्वेन्सीवर जायचे, तिथल्या टॉवरच्या वेळेशी जुळवून घ्यायचे, पुकारा ऐकायचा आणि परत यायचे, यात केवळ ऐकण्याच्या वेळेपेक्षा बराच जास्त वेळ जातो. तेवढ्यात पहिल्या टॉवरने पाठवलेले तुकडे वाया जातात आणि आवाज तुटतो. आपला फोन क्षणभर दुसरीकडे गेला आहे, हे पहिल्या टॉवरला माहीत नसते. त्याच्या दृष्टीने संपर्क खराब झालेला असतो.

त्याहून मोठी अडचण पुढची आहे. पुकारा ऐकून भागत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते. ‘मी इथे आहे’ असे दुसऱ्या नेटवर्कला कळवायचे, त्याच्याशी जोडणी करायची आणि घंटी वाजेपर्यंत ती टिकवायची, म्हणजे तिथे लागोपाठ प्रक्षेपण करावे लागते. एकच प्रक्षेपक असेल तर याचा अर्थ पहिला कॉल सोडणे असाच होतो. म्हणून या फोनमध्ये पहिल्यापासून सरळ नियम असतो: एका सिमवर बोलणे सुरू असेपर्यंत दुसऱ्या सिमचे ऐकणे बंद.

‘व्यग्र’ऐवजी ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ का ऐकू येते?

फोन करणाऱ्याची दिशाभूल होते ती या टप्प्यावर. एकच सिम असलेला माणूस बोलत असताना त्याला दुसरा कॉल आला, तर त्याच्या कंपनीला सगळे ठाऊक असते, कारण चालू कॉल तिच्याच यंत्रणेतून जात असतो. त्यामुळे ती ‘व्यग्र’ असे सांगू शकते किंवा कॉल वेटिंगची टिकटिक पाठवू शकते.

दोन सिमच्या फोनमध्ये पहिला कॉल एका कंपनीच्या नेटवर्कवर असतो आणि दुसरा क्रमांक बहुधा दुसऱ्या कंपनीचा असतो. दुसऱ्या कंपनीला पहिल्या कॉलचा पत्ताच नसतो. तिच्या नोंदीत हा ग्राहक चालू स्थितीत आणि अमुक भागात आहे, एवढेच असते. म्हणून ती त्या भागातल्या टॉवरवरून पुकारा करते. उत्तर येत नाही. ती पुन्हा पुकारा करते. तरीही उत्तर येत नाही. फोन करणाऱ्याला सुरुवातीला जी शांतता जाणवते, ती या पुकाऱ्यांची असते. ठरलेली मुदत संपली की कंपनी एकच निष्कर्ष काढू शकते: ग्राहक नोंदीप्रमाणे हजर आहे, पण सापडत नाही. तळघरात किंवा लिफ्टमध्ये शिरलेल्या फोनबद्दलही ती हेच म्हणते.

दोन्ही सिम एकाच कंपनीची असली तरी यात फरक पडत नाही. कंपनीच्या लेखी ते दोन वेगळे ग्राहक आहेत. ही दोन्ही सिम एकाच यंत्रात बसली आहेत आणि त्यांचा रेडिओ सामाईक आहे, हे नेटवर्कला आपोआप कळत नाही.

कॉल वेटिंग सुरू करूनही हा प्रश्न सुटत नाही, त्याचे कारणही हेच. कॉल वेटिंग ही एका क्रमांकाची सोय आहे. ज्या क्रमांकावर बोलणे सुरू आहे, त्याच क्रमांकावर दुसरा कॉल आला तरच ती कामी येते. आणि फोनवर मिस्ड कॉलची नोंद नसते, कारण पुकारा फोनने ऐकलेलाच नसतो. आपल्याला कुणी शोधत होते, हे फोनला कधी कळलेच नाही. नंतर येणारा ‘अमुक क्रमांकाने आपणास फोन केला होता’ असा एसएमएस कंपनी पाठवते. तो फोनच्या नोंदीतून येत नाही.

घाटकोपर ते अंधेरी: एका कॉलचा प्रवास

समजा, मुलुंडला राहणारा एक इलेक्ट्रिशियन आहे. पहिल्या सिमवर त्याचा घरचा जुना क्रमांक आहे. दुकानाच्या पाटीवर आणि सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर दिलेला क्रमांक दुसऱ्या सिमवर आहे. दोन्ही सिम वेगळ्या कंपन्यांची आहेत. तो लोकलने घाटकोपरला उतरतो आणि अंधेरीला जाण्यासाठी मेट्रो पकडतो.

गाडी असल्फा सोडते तेव्हा घरच्या क्रमांकावर भावाचा फोन येतो. कॉल उचलताच दुसऱ्या सिमचे ऐकणे थांबते. साकीनाक्याच्या सुमारास अंधेरीतली एक बाई पाटीवरचा क्रमांक लावते. तिच्या घरचा मुख्य स्विच उडाला आहे. दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क नोंद पाहते, घाटकोपरकडच्या टॉवरवरून पुकारा करते, पुन्हा करते आणि थांबते. बाईंना ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येते. ‘व्यग्र’ ऐकू आले असते, तर त्यांनी पाच मिनिटांनी पुन्हा फोन केला असता. संपर्काबाहेर असलेल्या माणसाची वाट कुणी पाहत नाही. त्या दुसऱ्या कारागिराचा क्रमांक लावतात.

चकाला मागे पडते आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाचे स्थानक येते. इथे आणखी एक गोष्ट घडू शकते. मोबाइल नेटवर्क शहराचे विभाग पाडते आणि फोन एका विभागातून दुसऱ्यात गेला की त्याने ‘मी आता इकडे आहे’ असे कळवावे, अशी अपेक्षा असते. या संपूर्ण प्रवासात पहिल्या सिमचे हे काम कॉलबरोबर होत राहिले. दुसरे सिम मात्र गप्प होते. वाटेत विभागाची हद्द ओलांडली गेली असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या वहीत तो अजून घाटकोपरच्या बाजूलाच आहे.

अंधेरीला उतरताना कॉल संपतो. पण दुसरे सिम त्याच क्षणी हजर होत नाही. रेडिओला त्या कंपनीचा जवळचा टॉवर नव्याने शोधावा लागतो, त्याची माहिती वाचावी लागते आणि विभाग बदलला असेल तर नोंद करावी लागते. यात काही सेकंद जातात. त्या सेकंदांत आलेला फोनही बाहेरच राहतो. ‘कॉल ठेवला होता, तरी लागला नाही’ अशी तक्रार कधी कधी ऐकू येते, ती यामुळे.

कॉल फार लांबला तर सूचना बदलूही शकते. फोन कुठेही हलला नाही तरी त्याने अधूनमधून नेटवर्कला हजेरी द्यायची असते. फोरजीच्या मानकात या हजेरीच्या घड्याळाचे मूळ मूल्य ५४ मिनिटे आहे. कंपन्या ते बदलू शकतात. तासाभराहून लांब कॉलमध्ये दुसऱ्या सिमची ही हजेरी चुकली आणि वरची सवलतीची मिनिटेही संपली, तर नेटवर्क त्या सिमला गैरहजर समजू लागते. मग फोन करणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ऐवजी ‘फोन बंद आहे’ असे ऐकू येऊ शकते. फोन मात्र कानाला लावलेलाच असतो.

ओटीपी उशिरा का येतो?

एसएमएससाठीही आधी पुकाराच करावा लागतो. त्यामुळे पहिल्या सिमवर बोलणे सुरू असताना दुसऱ्या सिमचा एसएमएसही येत नाही. फरक इतकाच की तो हरवत नाही, कंपनीच्या संदेश केंद्रात थांबून राहतो. बँक खाते किंवा गॅस सिलिंडरची नोंदणी जुन्या क्रमांकावर आणि बोलणे नव्या क्रमांकावर, अशी विभागणी अनेक घरांत असते. बोरिवलीत दारात सिलिंडर घेऊन उभा असलेला माणूस पोहोच कोड मागतो आणि कोड आलेलाच नसतो, कारण दुसऱ्या सिमवर गप्पा सुरू असतात.

कॉल ठेवल्यावर तरी एसएमएस लगेच यावा, अशी अपेक्षा असते. तो पाच-दहा मिनिटे आला नाही, तर त्यामागेही साधे कारण आहे. एसएमएस पोहोचला नाही की नेटवर्क त्या ग्राहकाच्या नावापुढे ‘सापडला नाही’ अशी खूण करते. त्या सिमने नेटवर्कशी स्वतःहून काही संपर्क केला, की ही खूण पुसली जाते आणि अडकलेले संदेश सोडले जातात. पण कॉल संपल्यावर दुसरे सिम जागच्या जागी असेल, तर ते नेटवर्कला काहीच कळवत नाही. पुन्हा मुकाट्याने पुकारा ऐकू लागते, एवढेच. आपला ग्राहक परत आला आहे, हे नेटवर्कला समजायला मार्ग नसतो. मग संदेश केंद्र त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढचा प्रयत्न करीपर्यंत थांबावे लागते. तोवर ओटीपीची मुदत संपते.

यावरचा उपाय या माहितीतूनच निघतो. कॉल संपल्यावर फोन काही सेकंद विमान मोडवर टाकून परत सुरू करावा. दोन्ही सिम नेटवर्कवर नव्याने नोंद करतात, खूण पुसली जाते आणि थांबलेले एसएमएस बहुधा लगेच येतात. पुन्हा पुन्हा नवा ओटीपी मागवल्याने मात्र गोंधळ वाढतो. सगळे एकदम येऊन पडतात आणि त्यातला शेवटचाच चालतो.

पहिला उपाय: ‘सापडला नाही तर तिकडे वळवा’

फोनची रचना बदलता येत नाही, पण नेटवर्कला सूचना देता येते. दुसरे सिम सापडले नाही, तर त्याचे कॉल पहिल्या क्रमांकाकडे वळवावेत, असे त्या कंपनीला सांगायचे. मग मघाच्या उदाहरणात पुकाऱ्याला उत्तर मिळाले नाही की बाईंचा कॉल इलेक्ट्रिशियनच्या घरच्या क्रमांकाकडे वळतो. तिथे तो बोलतच आहे, पण आता कॉल वेटिंग कामी येते. कानात टिकटिक वाजते, पडद्यावर बाईंचा क्रमांक दिसतो. कॉल वेटिंग बंद असेल, तरी बाईंना निदान ‘व्यग्र’ असे खरे कारण ऐकू येते.

ही सूचना देण्याचा सोपा मार्ग फोनच्या कॉल सेटिंगमध्ये आहे. दुसरे सिम निवडून कॉल फॉरवर्डिंग उघडावे. तिथे चार पर्याय असतात: नेहमी, व्यग्र असताना, उत्तर न दिल्यास आणि संपर्क होत नसल्यास. यातला शेवटचाच निवडायचा आणि पहिल्या सिमचा क्रमांक द्यायचा. ‘नेहमी’ निवडल्यास दुसऱ्या सिमवर एकही कॉल येणार नाही.

याच सुविधेचे कोडही आहेत. त्यांतला क्रम असा: सुरू करणे, तपासणे, बंद करणे आणि शेवटी पहिल्या सिमवरचे कॉल वेटिंग तपासणे.

```
**62*क्रमांक#
*#62#
##62#
*#43#
```

भारतात कोडपेक्षा सेटिंगचा मार्ग बरा, याला कारण आहे. कुरिअर किंवा बँकेचे नाव सांगून लोकांना कोड डायल करायला लावायचे आणि त्यांचे कॉल स्वतःकडे वळवून घ्यायचे, असे फसवणुकीचे प्रकार वाढले. त्यामुळे यूएसएसडी कोडवर चालणारी कॉल फॉरवर्डिंगची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावी, असे दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवले. फोनवरून दुसऱ्या कुणी सांगितलेला कोड डायल करू नये. आपले कॉल आधीच कुणी वळवलेले नाहीत ना, हेही फॉरवर्डिंगच्या त्याच पानावर दिसते.

या उपायाच्या तीन मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे वळवलेल्या कॉलचा पुढचा टप्पा दुसऱ्या सिमच्या खात्यावर बाहेर जाणारा कॉल म्हणून धरला जातो. ते सिम फक्त चालू राहावे म्हणून किमान रिचार्जवर ठेवले असेल, तर कॉल वळणार नाही किंवा त्याचे पैसे कापले जातील. दुसरे, वळतो तो कॉल. एसएमएस वळत नाही, त्यामुळे ओटीपीचा प्रश्न तसाच राहतो. तिसरे, पहिला क्रमांक दुसऱ्याकडे आणि दुसरा पहिल्याकडे असे दोन्ही वळवून ठेवले आणि फोनच बंद असला, तर कॉल दोघांत फिरतो. काही फेऱ्यांनंतर नेटवर्क तो तोडून टाकते.

दुसरा उपाय: कॉल रेडिओने नव्हे, इंटरनेटने येऊ द्या

दुसऱ्या सिमची अडचण रेडिओची आहे. मग तिचा कॉल त्या रेडिओशिवाय आणता आला तर? वाय-फाय कॉलिंग हेच करते. फोन इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक सुरक्षित बोगदा उघडतो आणि दुसऱ्या सिमची हजेरी त्यातून लावतो. आता त्या क्रमांकाचा कॉल टॉवरवरून पुकारावा लागत नाही, तो वाय-फायवरून येतो. घरी किंवा कार्यालयात वाय-फाय असेल आणि दुसऱ्या सिमसाठी वाय-फाय कॉलिंग सुरू असेल, तर पहिल्या सिमवर बोलत असतानाही दुसऱ्या क्रमांकाची घंटी वाजू शकते. मात्र त्यासाठी फोन आणि कंपनी दोघांकडे ही सोय असावी लागते.

मेट्रोत वाय-फाय मिळेलच असे नाही. तिथे काही फोन एक पाऊल पुढे जातात आणि हा बोगदा पहिल्या सिमच्या मोबाइल डेटावरून उघडतात. व्होल्टी कॉल सुरू असताना पहिल्या सिमचा डेटा चालूच असतो, त्यामुळे दुसऱ्या सिमचा कॉल जणू पहिल्या सिमच्या पाठीवर बसून येतो. आयफोनमध्ये दोन सिमची सोय २०१८ साली आली, तेव्हा एका सिमवर बोलताना दुसऱ्यावर कॉल येत नसे. पुढच्या वर्षी आयओएस १३ पासून, दुसऱ्या कंपनीची वाय-फाय कॉलिंग सेवा असेल तर तो येऊ लागला. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही दुसऱ्या सिमच्या डेटावरून कॉल करण्याचा पर्याय सिम सेटिंगमध्ये असतो.

इथे एक अट विसरली जाते. इंटरनेटसाठी दुसरे सिम निवडलेले असेल आणि कॉल पहिल्यावर सुरू असेल, तर दुसऱ्याचा रेडिओ थांबतो आणि त्याबरोबर इंटरनेटही थांबते. मग बोगदा उघडणार कशावरून? म्हणून कॉल सुरू असताना डेटा आपोआप त्या सिमवर जाऊ देण्याची परवानगी सेटिंगमध्ये द्यावी लागते. पहिला कॉल टूजीवर गेला तर हा मार्ग जवळजवळ बंदच होतो.

दोन रेडिओ का बसवत नाहीत?

असे फोन आहेत. त्यांना ‘ड्युअल सिम ड्युअल अ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. त्यांत दोन्ही सिमवर एकाच वेळी जोडणी टिकते; एक कॉल थांबवून ठेवून दुसरा घेता येतो. पण दुसरी रेडिओ साखळी म्हणजे आणखी प्रवर्धक, आणखी फिल्टर, अँटेनासाठी आणखी जागा आणि बॅटरीवर जास्त भार. शिवाय एक प्रक्षेपक पाठवत असताना अर्ध्या वितीवर दुसरा रिसीव्हर टॉवरचा क्षीण संदेश ऐकत असतो. दोघांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना बाधणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. त्यामुळे ही सोय बराच काळ मागे पडली होती. क्वालकॉमने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २ या महागड्या फोनांसाठीच्या चिपमध्ये ती फाइव्हजी-फोरजी सिमसाठी आणली. चिपमध्ये क्षमता असली, तरी फोन बनवणाऱ्याने ती वापरली आहे की नाही, हे प्रत्येक मॉडेलनुसार बदलते.

मधला मार्ग मानकाच्या बाजूने आला आहे. मोबाइलची जागतिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने २०२२ मध्ये पूर्ण केलेल्या सतराव्या आवृत्तीत, एका फोनमध्ये एकाहून अधिक सिम असतात हे पहिल्यांदा नीट गृहीत धरले. फोनने ‘मी काही काळ दुसऱ्या सिमकडे जातो आहे’ असे नेटवर्कला सांगणे, पुकाऱ्याबरोबरच तो कॉलसाठी आहे की आणखी कशासाठी हे फोनला कळणे आणि पुकारा आल्यावर ‘आत्ता नाही, व्यग्र आहे’ असे उत्तर देता येणे, अशा सोयी त्यात आहेत. त्या फोन आणि नेटवर्क दोन्हींकडे असतील, तरच चालतात.

आपला फोन कोणत्या प्रकारचा, हे कसे ओळखावे?

यासाठी दुसऱ्या फोनचीही गरज नाही. वाय-फाय आणि कॉल फॉरवर्डिंग बंद करून, त्याच फोनच्या पहिल्या सिमवरून स्वतःच्याच दुसऱ्या सिमच्या क्रमांकाला फोन लावावा. काही सेकंदांच्या शांततेनंतर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू आले, तर रेडिओ एकच आहे आणि दुसऱ्या सिमचा डेटा-मार्गही सुरू नाही. दुसऱ्या क्रमांकाची घंटी वाजली, तर दोन शक्यता उरतात. मोबाइल डेटा बंद करून पुन्हा फोन लावावा. आता घंटी थांबली, तर कॉल इंटरनेटवरून येत होता. तरीही वाजली, तर फोन पुकारा ऐकू शकतो. मग तो कॉल उचलून पाहावा. काही फोनांत ऐकण्यापुरता दुसरा रिसीव्हर असतो, पण प्रक्षेपक एकच असतो. त्यांत दुसरा कॉल दिसतो, मात्र तो उचलताच पहिला तुटतो. दोन्ही कॉल टिकले, तरच फोन खऱ्या अर्थाने दोन्ही सिमवर एकाच वेळी चालणारा आहे.

चाचणीचा निकाल काहीही आला, तरी ज्या क्रमांकावर ग्राहक, शाळा किंवा रुग्णालय फोन करणार आहे, तो क्रमांक कोणत्या सिमवर ठेवायचा आणि लांबलचक बोलणी कोणत्या सिमवरून करायची, हे त्यावरून ठरवता येते. फक्त वाट पाहण्यासाठी ठेवलेल्या सिमला सर्वांत जास्त अडथळा दुसऱ्या सिमवरच्या लांब गप्पांचाच होतो. म्हणून महत्त्वाच्या फोनची वाट पाहत असताना बोलणेही शक्यतो त्याच क्रमांकावरून करावे. मग मध्येच दुसरा फोन आला, तर तो बाहेर अडकून राहत नाही. कॉल वेटिंगच्या टिकटिकीने तो कळतो.